आवाज छान होता, पण चुडांत अंतर किती ठेवायचं?

१ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो. मावळात ते दिवस भाताच्या आवणीचे असतात, त्यामुळे भाषणासाठी विषय शोधायला फार लांब जावं लागत नाही. समजा, पवन मावळातल्या एका शाळेतली नववीची मुलगी ‘चारसूत्री भात लागवड’ या विषयावर पाच मिनिटं बोलणार आहे. आधीच्या आठवड्यात वर्गात तालीम होते. भाषण संपतं, टाळ्या पडतात आणि बाई विचारतात, “काय रे मुलांनो, कसं झालं?” उत्तरं येतात: आवाज छान होता. हात जरा जास्त हलत होते. मध्ये दोनदा अडखळली. शेवट अजून जोरात हवा.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण यात भाताचा एक दाणाही नाही. हीच चार वाक्यं भाजे लेण्यांवरच्या भाषणालाही चालली असती. त्या मुलीने दुसऱ्या तालमीत आवाज चढवला आणि हात आवरले, तरी ऐकणाऱ्या शेतकऱ्याला चुडांतलं अंतर कळणार नाही ते नाहीच.

मुलं असं बोलतात यात त्यांचा दोष नाही. शैली कानाला आणि डोळ्याला आपोआप जाणवते. आशय तपासायला मात्र ऐकलेलं मनात धरून ठेवावं लागतं आणि त्यावर विचार करावा लागतो. ‘कसं झालं?’ असा मोकळा प्रश्न विचारला की माणूस सोपं ते उत्तर देतो. मोठी, शिकलेली माणसंही यातून सुटत नाहीत. १९७० साली अमेरिकेत ‘डॉक्टर मायरन फॉक्स’ या नावाने एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभं करण्यात आलं. समोर मानसोपचार, मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकवणारी ११ माणसं होती. नटाला विषय येत नव्हता. त्याने मुद्दाम परस्परविरोधी आणि अर्थहीन वाक्यं मिसळलेलं व्याख्यान दिलं, पण दिलं मोठ्या आत्मविश्वासाने आणि रंगवून. श्रोत्यांनी अभिप्रायाच्या कागदावर त्याची स्तुती केली. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१३ मध्ये शॅना कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच छोटा पाठ दोन तऱ्हांनी दाखवला. एका चित्रफितीत शिकवणारी व्यक्ती ताठ उभी राहून नजरेला नजर देत बोलत होती, दुसरीत तीच व्यक्ती खाली पाहून अडखळत वाचत होती. पहिली फीत पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांना जवळपास सारखंच आठवत होतं.

दुसऱ्या प्रयोगातून तालमीसाठी नेमकी दिशा मिळते. ‘किती कळलं असं वाटतं?’ हा प्रश्न शैलीच्या मागे वाहत जातो, ‘काय कळलं ते लिही’ हा वाहत जात नाही. म्हणून तालमीत श्रोत्याने भरायच्या तपासयादीत त्याचं मत मागायचं नाही. त्याच्यापर्यंत काय पोचलं तेवढं कागदावर उतरवून घ्यायचं. बहुतेक छापील अभिप्रायपत्रांत ‘आशय: उत्तम / चांगला / साधारण’ अशा चौकटी असतात. त्या भरताना श्रोता आवाजावरून झालेलं मतच आशयाच्या रकान्यात उतरवतो आणि आपण आशय तपासला असं सगळ्यांना वाटतं.

प्रश्न चांगला की वाईट हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. तालमीला हजर नसलेल्या मुलाच्या हातात यादी द्यावी. त्याला जो प्रश्न भरता येईल तो यादीतून काढून टाकावा. ‘भाषण माहितीपूर्ण होतं का?’ हे तो डोळे मिटून ‘हो’ लिहील. ‘खताची गोळी किती खोल ठेवायची?’ इथे मात्र अडेल.

यादी करण्याआधी वक्त्याने एक काम करायचं असतं. ऐकणाऱ्याच्या हाती शेवटी काय लागलं पाहिजे, हे त्याने स्वतःपुरतं एका वाक्यात लिहून ठेवायचं आणि तो कागद बाईंकडे द्यायचा. श्रोत्यांना तो दाखवायचा नाही. आपल्या मुलीने लिहिलं: ‘ऐकणाऱ्याने यंदा निदान एका खाचरात युरिया न फेकता गोळी पुरून पाहावी.’ पुढचं सगळं या वाक्याशी ताडून पाहायचं आहे.

आता विषय थोडक्यात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीत चार गोष्टी आहेत. भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा जमिनीला परत द्यायचा. गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात घालायचा. रोपं ठरावीक अंतराने लावायची, एका चुडात दोन-तीनच. आणि आवणी झाली त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात ठेवायची. अंतर एकाआड एक १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवतात, आणि ते उभ्या व आडव्या दोन्ही दिशांना. त्यामुळे १५ बाय १५ चा चार चुडांचा चौकोन होतो, त्याच्या मध्यात गोळी जाते. भोवतीच्या २५ च्या पट्ट्यातून माणसाला पाय टाकता येतो.

यादीतला पहिला भाग आशयाचा. त्यात दोनच प्रश्न पुरतात. पहिला: ‘हे भाषण ऐकून शेतकऱ्याने काय वेगळं करायचं? एका वाक्यात लिही.’ पाच श्रोत्यांपैकी दोघांनी ‘गोळी पुरायची’ असं लिहिलं, एकाने ‘इंद्रायणी लावायचा’, आणि दोघांनी ‘शेतकऱ्याचा मान राखायचा’. मुलीचं वाक्य बाईंकडे ठेवलेलं आहेच. ते काढलं की कुणालाही भाष्य करावं लागत नाही. तिने पहिली दोन मिनिटं शिवरायांचे मावळे, बळीराजा आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी वाण यांवर घालवली होती. इंद्रायणीबद्दलचं सगळं खरं आणि मावळाला अभिमान वाटावा असंच होतं, पण या भाषणाचं काम त्याने होत नव्हतं. एका श्रोत्याने इंद्रायणीच निष्कर्ष म्हणून लिहिला, यावरून त्या मजकुराने किती जागा खाल्ली ते दिसतं. ‘प्रस्तावना लांबली’ असं कुणी नुसतं म्हटलं असतं तर तिला ते मनापासून पटलं नसतं.

आशयाचा दुसरा प्रश्न: ‘भाषणातला एक दावा लिही, आणि त्याच्यासाठी सांगितलेलं कारण लिही. कारण सांगितलं नसेल तर रेघ मार.’ बहुतेकांनी दावा लिहिला, ‘गोळीने खत वाचतं’, आणि पुढे रेघ मारली. अशी रेघ मला दहा कौतुकांपेक्षा मोलाची वाटते. खत वाचतं हे भाषणात तीनदा ठासून सांगितलं होतं, का वाचतं ते एकदाही नव्हतं. कारण मावळातल्या कुणालाही पटेल असं आहे. धो धो पावसात वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरतं आणि फेकलेला, विरघळलेला युरिया त्याच्याबरोबर निघून जातो. काही नत्र अमोनिया वायू होऊन हवेत उडतं. गोळी मात्र चिखलात, जिथे हवा जवळजवळ पोचत नाही तिथे बसते. तिथे नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. हे सांगायला पाऊण मिनिट लागतं, आणि ते पाऊण मिनिट प्रस्तावनेतून काढता येतं.

रचनेचा प्रश्न घडवणं अवघड जातं. ‘भाषणाला सुरुवात, मध्य, शेवट होता का?’ हा प्रश्न अनुपस्थित मुलाच्या परीक्षेत नापास होतो, कारण सुरुवात आणि शेवट प्रत्येक भाषणाला असतोच. त्याऐवजी भाषण संपल्यावर श्रोत्याने मुद्दे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने दोन-दोन शब्दांत लिहायचे, आणि ‘हा मुद्दा कळायला आधीचा कोणता लागला?’ याचा बाण काढायचा. आपल्या मुलीने गोळीचा मुद्दा आधी घेतला होता, कारण तो नवलाचा. अंतर चौथ्या मिनिटाला आलं. त्यामुळे ‘चार चुडांच्या मधोमध’ हे शब्द ऐकताना श्रोत्यासमोर चौकोनच नव्हता. कागदांवर गोळीपासून निघालेला बाण खाली, नंतरच्या मुद्द्याकडे गेला. बाण उलटा गेला की क्रम चुकला, हे सांगायला परीक्षक लागत नाही.

उपायही त्याच कागदावर सापडतो. शेतातल्या कामांना स्वतःचा क्रम असतो: राख रोपवाटिकेत, पाला चिखलणीच्या वेळी, मग आवणीचं अंतर, मग गोळी. भाषण त्याच क्रमाने लावलं तर श्रोत्याला क्रम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही आणि गोळी आपोआप शेवटी येते. लक्ष वेधण्यासाठी एखादा मुद्दा पुढे ओढायला हरकत नाही, पण मग तो तिथल्या तिथे पुरता कळेल एवढी तयारी तरी आधी हवी.

स्पष्टतेसाठी या यादीतला मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे: ‘काढून दाखव.’ कागदावर ठिपक्यांनी चुडं काढायची आणि फुलीने गोळ्या. मुलीचं वाक्य होतं, “अंतर पंधरा-पंचवीस ठेवावं.” एकाने सगळीकडे सारखे ठिपके काढले. दोघांनी दोन ओळींत २५ आणि एकाच ओळीतल्या दोन चुडांत १५ असे लांबट चौकोन काढले. दोघांनाच ‘एकाआड एक, दोन्ही दिशांना’ हे कळलं होतं, आणि त्या दोघांच्या घरी भातशेती होती. लांबट चौकोनाची चूक शेतातही सहज नजरेत येत नाही, कारण त्या मांडणीत एका चौरस मीटरमध्ये जवळपास २७ चुडं बसतात आणि खऱ्या मांडणीत २५. रोपांची दाटी सारखीच दिसते, पण पाय टाकायचा रुंद पट्टा जातो आणि गोळीची ठरलेली जागाही हरवते. बोललेल्या एका वाक्याचे तीन अर्थ निघाले हे ठिपक्यांच्या पाच चित्रांनी दाखवलं. श्रोत्यांना विचारलं असतं तर पाचही जण ‘कळलं’ म्हणाले असते, आणि तसं म्हणताना ते खोटं बोलले नसते.

कुठे हरवलो हेही नोंदवायचं असतं, पण भाषण चालू असताना श्रोत्याला लिहायला लावलं तर तो ऐकायचंच विसरतो. म्हणून कागदाच्या कडेला पाच चौकटी आखायच्या, एका मिनिटाला एक. वेळ पाहणारा मुलगा वक्त्याच्या मागे उभा राहून दर मिनिटाला एक-एक बोट वर करतो. श्रोत्याला काही कळेनासं झालं की त्या मिनिटाच्या चौकटीत फक्त एक फुली. बाकी सगळं भाषणानंतर. पाच कागद शेजारी ठेवले आणि तिसऱ्या चौकटीत चार फुल्या दिसल्या, की वक्त्याला कुठे हात घालायचा ते कळतं. आपल्या भाषणात तिसरं मिनिट गोळीचं होतं.

श्रोते कोण निवडायचे यावरही यादीचा उपयोग अवलंबून आहे. ज्याच्या घरी भात आहे तो स्पष्टता तपासायला कच्चा, कारण भाषणातली गाळलेली जागा तो नकळत स्वतःच्या माहितीने भरतो. लोणावळ्याच्या बाजारपेठेत वाढलेला, खाचरात कधी न उतरलेला मुलगा या कामाला उत्तम. आशयातल्या चुका मात्र शेती माहीत असलेल्यालाच सापडतात. म्हणून पाच श्रोत्यांत दोघे जाणकार आणि तिघे नवखे असावेत, आणि जाणकारांच्या कागदावर एक जास्तीचा प्रश्न: ‘काय चुकीचं किंवा अपुरं सांगितलं?’ इथून दोन गोष्टी हाती आल्या. एक म्हणजे मर्यादा: पाणी भराभर झिरपून जाणाऱ्या हलक्या जमिनीत गोळीतलं नत्रही पाण्याबरोबर खाली निघून जातं, त्यामुळे ही पद्धत पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरासाठी आहे. भाषणात तर ‘कुठल्याही शेतात’ असं म्हटलं होतं.

दुसरी गोष्ट मापाची. मुलीने ‘हेक्टरी सुमारे १७० किलो’ असं सांगितलं होतं. आकडा बरोबर आहे. एका चौरस मीटरला २५ चुडं, चार चुडांना एक गोळी, म्हणजे सव्वासहा गोळ्या. हेक्टरला साडेबासष्ट हजार, आणि त्यांचं वजन सुमारे १६९ किलो. पण मावळातला शेतकरी हेक्टरात विचार करत नाही, त्याची खाचरं गुंठ्यांत असतात. एका गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, म्हणजे १.७ किलो. हा आकडा पुढच्या तालमीत आला आणि नवख्या श्रोत्यांच्याही कागदावर उतरला, कारण तो डोक्यात मावतो.

आणि शैली? तिला यादीत जागा आहे, पण शेवटी आणि एका ओळीची: ‘बोलण्याच्या कोणत्या सवयीमुळे एखादा शब्द किंवा आकडा ऐकूच आला नाही?’ ‘पंधरा’ म्हणताना ती वाक्याच्या शेवटी आवाज पाडत होती आणि मागच्या बाकाला तो शब्द ऐकू गेला नाही, ही कामाची नोंद. हात हलण्याने काहीच अडलं नव्हतं, म्हणून ते कुणी लिहिलं नाही. आवाज, उच्चार, उभं राहणं यांची मला पर्वा नाही असा याचा अर्थ नाही. वक्तृत्व स्पर्धेत त्यांना गुण असतातच. टोस्टमास्टर्स या १९२४ साली सुरू झालेल्या जगभरच्या भाषणमंडळाच्या स्पर्धेतही आशयाला ५०, सादरीकरणाला ३० आणि भाषेला २० गुण अशी विभागणी रूढ आहे. पण स्पर्धेची गुणपत्रिका दोन वक्त्यांत डावं-उजवं करण्यासाठी असते. तालमीचा कागद एकाच भाषणाची दुरुस्ती करण्यासाठी असतो. गुणपत्रिका उचलून तालमीत वापरली की मुलीला ‘आशय ५० पैकी ३२’ एवढं कळतं आणि उरलेले १८ कुठे गेले ते कळत नाही.

कागद भरून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम मी सर्वांत कडक ठेवेन. बाई किंवा सर आधी ‘वा, सुंदर!’ म्हणाले की पाचही कागद सुंदर होतात. मोठ्यांनी शेवटी बोलावं, आणि तेही आपला स्वतःचा भरलेला कागद वाचून.

यादी खरंच आशय मोजते की अजूनही शैलीच्या मागे जाते, हे तपासताही येतं. तेच भाषण दुसऱ्या एखाद्या मुलाने, दुसऱ्या वर्गातल्या पाच जणांसमोर, हावभावांशिवाय सरळ कागदावरून वाचावं आणि त्यांनी तीच यादी भरावी. निष्कर्षाचं वाक्य, कारणापुढची रेघ आणि उलटा बाण हे दोन्ही वर्गांत साधारण सारखे आले पाहिजेत. तसे आले नाहीत तर प्रश्नांतच कुठेतरी ‘आवडलं का?’ लपलेलं आहे. चौकटींतल्या फुल्या थोड्या वाढतील, कारण सपाट वाचन ऐकताना लक्ष उडतं. तेवढा फरक धरून चालावं.

दुसऱ्या तालमीपर्यंत त्या मुलीने तीन मोठे बदल केले. प्रस्तावना अर्ध्या मिनिटावर आणली, मुद्दे शेतातल्या कामांच्या क्रमाने लावले, आणि ‘पंधरा-पंचवीस’ या शब्दांऐवजी खुणा केलेली दोरी घेऊन आली. त्या दोरीवर १५, २५, १५, २५ अशा गाठी होत्या. ती आधी उभी धरली, मग आडवी. यावेळी चार जणांनी चौकोन बरोबर काढले. पाचव्याने गोळी २५ च्या पट्ट्यात टाकली, म्हणून ‘गोळी लहान चौकोनात’ हे वाक्य वाढलं.

तिसऱ्या तालमीला तेच श्रोते बसवले तर यादी निकामी होते. त्यांना आता भाषण पाठ झालेलं असतं, ते जे लिहितात ते मागच्या वेळचं आठवून. दर तालमीला निदान दोन नवे नवखे श्रोते लागतात. छोट्या शाळेत तेही मिळणं कठीण, तेव्हा आठवीचा वर्ग किंवा शेजारच्या वाडीवरची आजी चालते. आजीला लिहिता येत नसेल तर तिने तोंडी सांगावं आणि कुणीतरी शब्द न बदलता उतरवून घ्यावं.

विषय बदलला की यादीही थोडी बदलावी लागते. निष्कर्षाचं वाक्य, दावा आणि कारण, क्रमाचे बाण, मिनिटांच्या चौकटी आणि शैलीची ओळ तशीच राहते. ‘काढून दाखव’ हा प्रश्न मात्र प्रत्येक भाषणासाठी नव्याने घडवायचा असतो. जुलै २०२५ मध्ये लोहगड मराठा लष्करी भूदृश्यांचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आला. त्यावर कुणी भाषण बसवत असेल आणि गडाची वाट शत्रूसाठी अवघड का होती हे सांगत असेल, तर श्रोत्याने गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे वाटेच्या वळणांसकट काढून दाखवावेत. चारही नावं लिहिली पण वाट सरळ रेघेसारखी काढली, तर अवघडपणाचं कारण भाषणात आलेलं नाही.